एमसीबी पडलीच नाही: सिडकोतल्या एका गीझरचं प्रकरण

मी नाशकात घरांच्या वायरिंगची कामं घेतो. हे प्रकरण एका ओळखीच्या घरातलं आहे, त्यांच्या परवानगीने लिहितोय, फक्त नावं आणि गल्ली सांगत नाही. घरातल्या थोरल्या बाईंना इथे काकू म्हणतो, त्यांच्या मुलाला भाऊ, कारण प्रत्यक्षातही मी तसंच म्हणतो. मी स्वतः यात दोन ठिकाणी चुकलोय, तेही खाली लिहिलंय.

पार्श्वभूमी

सिडकोतलं जुनं रो हाऊस. खाली दोन खोल्या, स्वयंपाकघर, मागे मोरी आणि बाथरूम, आणि नंतर कधीतरी वर चढवलेला मजला. घराला तीस वर्षं होऊन गेलेली. आधी मीटरखाली चिनी मातीचे किटकॅट फ्यूज होते, ते काही वर्षांपूर्वी काढून पांढरा चकचकीत डीबी, म्हणजे एमसीबींचा डबा, बसवला, त्यात ३२ अॅम्पिअरची डबल पोल मेन आणि खाली सहा सिंगल पोल एमसीबी. गीझरला वेगळी सी १६, म्हणजे सी टाइपची १६ अॅम्पिअरची एमसीबी, वायर अडीच स्क्वेअर एमएम. म्हणजे काम तसं बरं होतं, मी पाहिलं तेव्हा नावं ठेवायला फार जागा नव्हती.

त्या वेळच्या वायरमनने म्हणे सुचवलं होतं की सोबत गळती ओळखून लाइन तोडणारी ईएलसीबी पण घ्या (आजकाल जी मिळते ती आरसीसीबी, पण दुकानात आणि साइटवर अजून सगळे ईएलसीबीच म्हणतात). काका तेव्हा होते, ते म्हणाले एवढ्या सहा-सहा एमसीबी लावतोय ना, मग परत ती दोन-अडीच हजाराची कशाला. आणि खरं सांगतो, दहातली आठ घरं हेच म्हणतात. एमसीबी म्हणजे सेफ्टी, असं डोक्यात बसलंय.

अर्थिंग मूळ बांधकामातलं. मागच्या अंगणात जीआय पाइप, भोवती कोळसा-मीठ. वर पाणी टाकायला जे नरसाळं होतं त्यावर पुढे फरशी बसवून कपडे धुवायची जागा केली, म्हणजे त्या खड्ड्यात कित्येक वर्षांत थेंब गेलेला नाही. सिडकोत बऱ्याच ठिकाणी हात-दीड हाताखाली मुरूम लागतो आणि मग खडक, तिथे कोरडं अर्थिंग म्हणजे जवळजवळ नसल्यातच जमा.

काय झालं

मार्च संपत आला होता. नाशकात तेव्हा दुपारी ऊन असतं पण पहाटे पाणी गारच, त्यामुळे काकूंचा गीझर चालूच. साधारण आठवडाभर त्या म्हणत होत्या की नळाला हात लावला की मुंग्या येतात. भाऊने टेस्टर लावून बघितला, दिवा मिणमिणला, तो म्हणाला थोडंफार येतं असं, पाणी तापलं की गीझर बंद करून मग नळ सोडत जा. काकू चार दिवस तसं करत होत्या, पाचव्या दिवशी विसरल्या. गीझर चालू, अंग ओलं, हात लोखंडी नळाला, आणि असा झटका बसला की हात मागे फेकला गेला आणि त्या स्टुलावर आदळल्या. खांद्याला मुका मार. पायात रबरी स्लिपर होती म्हणून एवढ्यावर निभावलं, अनवाणी असत्या तर मी आज हे असं निवांत लिहीत बसलो नसतो.

मला फोन आला तो भाऊचा आणि पहिलंच वाक्य, "दादा, आमची एमसीबी खराब झालीये, आईला एवढा शॉक बसला तरी पडली नाही, नवीन घेऊन या."

मी फोनवर एवढंच सांगितलं की गीझरची पिन काढा, नुसता स्विच बंद करून थांबू नका, मी येतोय.

मोजून काय दिसलं

गेल्यावर आधी मलाही पुरावा हवा होता, म्हणून सगळ्यांना बाथरूमच्या बाहेर काढलं, रबरी मॅटवर उभा राहून दोन मिनिटांपुरता गीझर चालू केला. मल्टिमीटरची एक वायर नळाला, दुसरी लांब करून अंगणाच्या पार दुसऱ्या टोकाला ओल्या मातीत ठोकलेल्या सळईला. १४० व्होल्ट. आंघोळीच्या नळावर.

मग क्लॅम्प मीटर. फेजच्या वायरीवर साधारण ९.३ अॅम्पिअर, न्यूट्रलवर ८.५. दोन्ही वायरी एकत्र धरून क्लॅम्पमध्ये घातल्या तर ०.८. हा आकडा नीट बघा, कारण सगळं प्रकरण या ०.८ मध्ये आहे. गीझरकडे जेवढा करंट जातोय तेवढा न्यूट्रलने परत येत नाहीये, पाऊण अॅम्पिअरच्या वर कुठेतरी जमिनीत जातोय. गीझर बंद करून, घराचं कनेक्शन सोडवून अर्थ टेस्टरने अर्थिंग मोजलं तर १८० ओहम. १८० ओहममधून ०.८ अॅम्पिअर म्हणजे १४० च्या आसपास व्होल्ट, हिशोब बरोबर जुळला.

बिघाड गीझरच्या एलिमेंटमध्ये होता. एलिमेंट म्हणजे धातूची नळी, आत पावडर आणि मधोमध तापणारी तार. क्षार चढून नळीला भेग पडली, पाणी आत शिरलं, तारेतला करंट नळीवर आणि तिथून टाकीच्या बॉडीवर. बॉडीला अर्थ जोडलेला होता पण अर्थ इतका कोरडा की करंट धड खाली उतरतच नव्हता, म्हणून बॉडी आणि तिला जोडलेली लोखंडी पाइपलाइन, सगळं १४० व्होल्टवर तरंगत होतं. गंमत म्हणजे पाणी मात्र मस्त तापत होतं, त्यामुळे गीझरवर कुणाला संशय नाही.

एमसीबी का पडली नाही

भाऊला हे समजावायला वेळ लागला, आणि मला वाटतं हाच भाग सगळ्यात जास्त लोकांना माहीत नसतो.

एमसीबीच्या आत दोन गोष्टी असतात. एक दुहेरी धातूची पट्टी, जी जास्त करंटने तापून वाकते आणि खटका सोडते. ही हळू काम करते, सी १६ मध्ये साधारण १.४५ पट म्हणजे २३ अॅम्पिअर वाहिला तर तासाभराच्या आत पडलीच पाहिजे असा नियम आहे, करंट जितका जास्त तितकी लवकर. दुसरी गोष्ट म्हणजे छोटी कॉइल, ती शॉर्ट सर्किटसाठी, एका क्षणात ओढते. पण सी टाइपमध्ये त्यासाठी पाच ते दहा पट करंट लागतो, १६ च्या हिशोबाने ८० ते १६० अॅम्पिअर.

आता काकूंच्या बाथरूमकडे बघा. एमसीबीतून जात होता ९.३ अॅम्पिअर. एमसीबीच्या दृष्टीने हा एक नेहमीचा गीझर आहे, १६ च्या खूप खाली, सगळं आलबेल. त्यातला ०.८ जमिनीत जातोय की माणसाच्या अंगातून, हे तिला कळायला काही मार्गच नाही, ती फक्त फेजमधून किती गेलं ते बघते, परत किती आलं हे तिच्या खात्यात नाही. माणसाला मारायला किती लागतं? ओल्या अंगाचा हातापासून पायापर्यंतचा रेझिस्टन्स हजार-दीड हजार ओहम धरला तर १४० व्होल्टला शंभर मिलिअॅम्पिअरच्या आसपास करंट होतो, म्हणजे अॅम्पिअरचा दहावा हिस्सा. तेवढ्यात हृदयाची लय बिघडू शकते. आणि एमसीबी १६ च्या पुढे विचार करायला सुरुवात करते. काकूंमधून अख्खा करंट गेला असता तरी ती हलली नसती आणि त्यात तिचा काही दोष नसता.

भाऊ म्हणाला मग एमसीबी कशासाठी आहे? वायरीसाठी. अडीचची वायर जळू नये म्हणून. ती भिंतीतल्या तांब्याची राखण करते, माणसाची नाही.

योगायोगाने याचा उलटा नमुना त्याच घरात थोड्या महिन्यांनी दिसला, तो इथेच सांगून टाकतो. राखीपौर्णिमेला पाहुणे, स्वयंपाकघरात एकाच लाइनवर इंडक्शन, किटली आणि ओव्हन, मिळून साडेपाच हजार वॉट, म्हणजे २४ अॅम्पिअर. पंधरा-वीस मिनिटांनी स्वयंपाकघराची एमसीबी पडली. तोवर डीबीत आरसीसीबी बसलेली होती, ती जागची हलली नाही, कारण २४ गेले आणि २४ च परत आले, तिच्या हिशोबात फरक शून्य. तिच्यावर सोडलं असतं तर वायर वितळेपर्यंत ती शांत बसली असती.

आरसीसीबी काय बघते

तिच्यात एक चुंबकीय कडं असतं आणि फेज-न्यूट्रल दोन्ही त्या कड्यातून जातात. मी क्लॅम्पमध्ये दोन्ही वायरी एकत्र धरल्या होत्या ना, तेच काम ती चोवीस तास करत असते. जाणारा आणि येणारा सारखा असेल तर कड्यात काहीच उरत नाही. फरक पडला की कड्यावरच्या बारीक गुंडाळीत करंट तयार होतो आणि खटका सुटतो. घरातली ३० मिलिअॅम्पिअरची असते, ती १५ ते ३० च्या मधे कुठेतरी पडते, आणि ३० ला जास्तीत जास्त ३०० मिलिसेकंदात पडलीच पाहिजे, मोठ्या गळतीला तर ४० मिलिसेकंदात. काकूंच्या गीझरची गळती ८०० मिलिअॅम्पिअर होती. म्हणजे आरसीसीबी असती तर एलिमेंटला भेग पडून गळती सुरू झाली त्याच दिवशी, कुणी नळाला हात लावायच्या आधीच ती पडली असती. मुंग्या यायचा आठवडा आलाच नसता. आणि तेही त्याच १८० ओहमच्या रद्दी अर्थिंगवर, कारण तिला पडायला फक्त ३० मिलिअॅम्पिअर जमिनीत जाणं पुरेसं आहे.

एक गैरसमज मात्र इथेच काढतो. ती शॉकचा जोर कमी करत नाही, वेळ कमी करते. चटका बसतोच, पण हात चिकटून राहायच्या आत लाइन जाते. आणि एका हातात फेज, दुसऱ्या हातात न्यूट्रल धरला आणि जमिनीला काही गळलं नाही तर तिच्यासाठी तुम्ही आणि बल्ब सारखेच.

कोणते पर्याय होते

भाऊचा पहिला आग्रह छोट्या एमसीबीचा होता, १६ च्या जागी ६ ची टाका म्हणजे लवकर पडेल. पडली असती, पण २००० वॉटच्या गीझरच्या पावणेनऊ अॅम्पिअरने, बऱ्याच सकाळी, पाणी तापत असतानाच. आणि ०.१ अॅम्पिअरच्या शॉकला ६ ची काय, दुकानात मिळेल ती सगळ्यात लहान एमसीबी लावली तरी उपयोग शून्य.

दुसरा पर्याय नुसतं एलिमेंट बदलायचा. ते तर त्याच दिवशी केलं, त्यात विचार करण्यासारखं काही नव्हतं. पण नाशकात बोअरचं पाणी वापरणाऱ्या घरात एलिमेंट परत कधी ना कधी जाणार, मग पुन्हा हेच.

तिसरा, नवीन अर्थिंग. यावर मी स्वतः जरा अडकलो होतो कारण माझ्या उस्तादांनी शिकवलंय की अर्थिंग चांगलं तर शॉक नाही. पण आकडे मांडून बघितलं. समजा अर्थिंगचा पूर्ण रस्ता ५ ओहमपर्यंत आणला, जे त्या खडकात सोपं नाही, तरी फेज थेट बॉडीला टेकली तर २३० भागिले ५ म्हणजे ४६ अॅम्पिअर. सी १६ च्या कॉइलला ८० च्या खाली ऐकूच येत नाही, म्हणजे पट्टी तापून वाकेपर्यंत थांबायचं, त्याला काही सेकंद जातात, कधी अर्धं मिनिटही. एमसीबी खात्रीने एका झटक्यात पडायला १६० अॅम्पिअर हवेत आणि त्यासाठी पूर्ण रस्ता दीड ओहमच्याही खाली लागतो. घरच्या अर्थिंगवर हे जवळजवळ होत नाही. त्यामुळे अर्थिंग पाहिजेच, पण अर्थिंग अधिक एमसीबी एवढ्यावर माणूस वाचेल असं धरून चालता येत नाही.

चौथा, मेनच्या लगेच खाली एक आरसीसीबी, अख्ख्या घराला. पाचवा, प्रत्येक महत्त्वाच्या लाइनला वेगळी आरसीबीओ, म्हणजे एमसीबी आणि आरसीसीबी एकाच डब्यात. पाचवा चांगला पण तेव्हाच्या बजेटला जड, आणि डीबीत जागाही नव्हती.

काय केलं

एलिमेंट बदललं, टाकी साफ केली, मेगरने, म्हणजे इन्सुलेशन तपासायच्या मीटरने, बघितलं तर आता एलिमेंट ते बॉडी काही गळत नव्हतं. कपडे धुवायच्या जागेपासून बाजूला नवा खड्डा घेऊन इलेक्ट्रोड टाकला, वर झाकण असं ठेवलं की पाणी घालता येईल, रीडिंग ९ ओहम आलं. आणि डीबीत ४० अॅम्पिअर, ३० मिलिअॅम्पिअरची दोन पोल आरसीसीबी बसवली. भाऊने लगेच विचारलं की ही ४० ला पडणार का. नाही, ४० म्हणजे ती किती करंट वाहून नेऊ शकते ते, ती स्वतः ओव्हरलोडला पडत नाही, म्हणून तिच्या वर ३२ ची मेन आहे ती तिला सांभाळते. दोघींना एकमेकींची गरज आहे.

लाइन चालू केली आणि आरसीसीबी लगेच खाली.

हा खरा कसोटीचा क्षण असतो आणि इथेच बहुतेक घरांत आरसीसीबी हरते. पार्टी म्हणते तुमची वस्तू डिफेक्टिव्ह, वायरमनला दुसऱ्या साइटवर जायचं असतं, मग तो काढून टाकतो. मी आधी नेहमीसारखं सगळ्या एमसीबी पाडल्या आणि एक-एक चढवत गेलो. काही कळेना, कधी वरच्या मजल्याला पडते, कधी स्वयंपाकघराला, एकदा तर सगळ्या एमसीबी खाली असतानाही पडली. अर्धा तास गेल्यावर ट्यूब पेटली. सिंगल पोल एमसीबी फक्त फेज तोडते, न्यूट्रल सगळे मागे पट्टीवर जोडलेलेच राहतात. दोष न्यूट्रलमध्ये असेल तर एमसीबी पाडून तो सापडणारच नाही.

मग मेन बंद करून न्यूट्रलच्या पट्टीवरून एक-एक वायर सोडवली आणि प्रत्येक न्यूट्रल ते अर्थ मेगर लावलं. पाच ठीक. सहावा, हॉलचा, सरळ शॉर्ट. टीव्हीमागचं सॉकेट उघडलं तर आत न्यूट्रल आणि अर्थच्या स्क्रूमध्ये दोन इंचाचा तांब्याचा तुकडा, कुणीतरी पूर्वी "अर्थ मिळत नाही" म्हणून न्यूट्रललाच अर्थ बनवला होता. हे जुन्या घरांत खूप सापडतं. याने दोन गोष्टी होतात, न्यूट्रलचा काही करंट अर्थमधून परत जातो म्हणून आरसीसीबी पडते, आणि त्याहून वाईट म्हणजे कधी न्यूट्रल तुटला तर त्या सॉकेटच्या अर्थ पिनवर, म्हणजे टीव्ही-कूलरच्या बॉडीवर, लोडमधून फेज येऊ शकते. तुकडा काढला. तरीही वरच्या मजल्याचा दिवा लावला की पडायचीच. तिथे वेगळं निघालं, वर चढवताना फेज डीबीतून घेतलेली पण न्यूट्रल मीटरजवळून, आरसीसीबीच्या आधीच्या बाजूने. जाणारा करंट कड्यातून, येणारा बाहेरून, मग ती पडणार नाही तर काय. न्यूट्रल ओढून आत आणला आणि शांत झाली.

टेस्ट बटण दाबून पडते का पाहिलं, ते तर करायचंच, पण ते बटण फक्त आतला खटका चालतो का एवढंच सांगतं. म्हणून सॉकेटला टेस्टर लावून प्रत्यक्ष ३० मिलिअॅम्पिअर सोडून बघितलं, ३४ मिलिसेकंदात पडली.

पुढे जे बिघडलं

जुलैत घरचे दोन दिवस वणीला गडावर गेले. इकडे पाऊस. गेटवरच्या दिव्याच्या होल्डरमध्ये पाणी शिरलं, गळती सुरू, आरसीसीबीने तिचं काम केलं आणि अख्ख्या घराची लाइन घालवली. फ्रिजमधलं दूध, इडलीचं पीठ, काकूंनी साठवलेली लोण्याची वाटी, सगळं गेलं. परत आल्यावर घरात वास. मला फोन न करता गल्लीतल्या एकाला बोलावलं आणि त्याने आरसीसीबीच्या वरच्या टर्मिनलपासून खालच्या टर्मिनलपर्यंत जाड वायरीचे दोन जंपर टाकले. घर परत मार्चमध्ये जाऊन बसलं, फक्त आता डीबीत एक निळ्या बटणाची शोभेची वस्तू होती.

मला हे ऑगस्टमध्ये कळलं, राखीला स्वयंपाकघराची लाइन गेली तेव्हा. डीबीचं झाकण काढलं आणि जंपर दिसले. वर म्हटलं ना की आरसीसीबी जागची हलली नाही, तर खरं म्हणजे त्या दिवशी ती हलू शकलीच नसती. जंपर नसते तरी ओव्हरलोडला ती पडली नसती हा भाग वेगळा. पण मी रागावलो आणि भाऊने शांतपणे विचारलं, "दादा, गेटच्या दिव्यासाठी फ्रिज का बंद पडावा?" उत्तर नव्हतं माझ्याकडे. प्रश्न बरोबर होता.

मग जे मार्चमध्ये बजेट म्हणून टाळलं ते केलं. डीबी मोठा घेतला. गीझर, वॉशिंग मशीन, स्वयंपाकघर, बाहेरचे दिवे आणि फ्रिज, प्रत्येकाला वेगळी आरसीबीओ, सगळ्या ३० मिलिअॅम्पिअरच्या. उरलेल्या दिवे-पंख्यांना जुनीच आरसीसीबी, जंपर काढून, आणि त्या दिवे-पंख्यांचे न्यूट्रल तिच्या स्वतःच्या वेगळ्या पट्टीवर, नाहीतर परत तोच न्यूट्रलचा गोंधळ. गेटवर पाणी न शिरणारा होल्डर. सप्टेंबरात तो दिवा परत एकदा गळला, बाहेरची आरसीबीओ तेवढी पडली, घरात कुणाला दोन दिवस पत्ताही नाही.

काकूंनी बटण दाबायचं काम स्वतःकडे घेतलंय. दर संकष्टीला, चंद्रोदयाच्या आधी, स्टुलावर चढून, सगळी बटणं. न पडली तर मला फोन करायचा असं ठरलंय.

परत केलं तर काय वेगळं करीन

पहिल्याच दिवशी गीझर आणि फ्रिज वेगळे करीन. पूर्ण घराला एकच आरसीसीबी बसवून मी अर्धं काम केलं आणि तो अर्धेपणा जंपर होऊन परत आला. पैसे कमी असतील तर निदान दोन आरसीसीबी, एकीवर ओली कामं, बाहेरचे दिवे आणि बाकी सगळं, दुसरीवर एकटा फ्रिज.

न्यूट्रलचं मेगर आरसीसीबी बसवायच्या आधी करीन, नंतर नाही. जुन्या घरात न्यूट्रल गुंतलेला असणार हे धरूनच जायचं, म्हणजे पार्टीसमोर ती पाचदा पडत नाही आणि वस्तूवरचा विश्वास उडत नाही.

आणि भाऊच्या बाजूने, टेस्टर मिणमिणला तेव्हाच थांबायला हवं होतं. निऑनचा टेस्टर नेमके किती व्होल्ट आहेत हे सांगत नाही, ५ व्होल्टला तर तो पेटतच नाही, म्हणजे नुसता मिणमिणला तरी व्होल्टेज धोकादायक असू शकतं, आणि तेही उजेडात अंधुकच दिसतं. नळाला मुंग्या हीच खूण पुरेशी होती, गीझरची पिन काढायची आणि माणूस बोलवायचा.

एक गोष्ट मात्र अजून पूर्ण सुटलेली नाही. रो हाऊसमध्ये दोन घरांची लोखंडी पाइपलाइन मागच्या भिंतीत जोडलेली आहे. शेजारच्यांचा गीझर गळला तर त्यांच्या घरातला करंट त्या पाइपातून काकूंच्या नळावर येऊ शकतो, आणि तो काकूंच्या डीबीतून गेलेलाच नसल्यामुळे इकडची कुठलीच आरसीबीओ पडणार नाही. म्हणून बाथरूममधली लोखंडी पाइप इकडच्या अर्थला बांधली आणि भिंतीजवळ फूटभर प्लास्टिकचा तुकडा मधे टाकला. पण खरा इलाज भिंतीपलीकडे आहे. शेजारी जाऊन सगळं सांगितलं, १४० व्होल्ट, काकूंचा खांदा, सगळं. त्यांनी चहा दिला, डीबी उघडून दाखवला आणि म्हणाले, आमच्याकडे बघा ना, सगळ्या एमसीबी आहेत.